दाखवायचे कागद, द्यायचे कागद, ठेवायचे कागद

घर गहाण ठेवायचं म्हटलं की लेखी दस्त आला, साक्षीदार आले, नोंदणी आली. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आपल्या ५८ व्या कलमात एक अजब वाट मोकळी ठेवली आहे. कर्ज घेणाऱ्याने मालकीचे मूळ कागद तारण म्हणून सावकाराच्या हाती सोपवले, की घर गहाण पडलं! कलमात त्यासाठी तीन शहरांची नावं आहेत: कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. बाकीची शहरं राज्य सरकारं अधिसूचना काढून त्यात घालत आली. घर कुठेही असो, कागद सोपवण्याची क्रिया अशा शहरात झाली म्हणजे पुरे. आजची बहुतेक गृहकर्जं याच वाटेने दिली जातात.

हे ध्यानात आलं की कर्जासाठी बँक देते त्या कागदांच्या लांबलचक यादीचा अर्थ लागतो. एका कागदाचं ओरिजिनल नुसतं दाखवून परत मिळतं, दुसऱ्याची सही केलेली झेरॉक्स चालते आणि तिसऱ्याचं ओरिजिनल वर्षानुवर्षं बँकेत राहतं. प्रत्येक कागदाकडून बँकेला वेगळं काम करून घ्यायचं असतं, म्हणून हा फरक.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला सोसायटीतला एक जुना फ्लॅट आहे. किंमत ८० लाख, हवं असलेलं कर्ज ६० लाख. पहिल्या मालकाने तो १९९८ साली बिल्डरकडून घेतला आणि २००९ साली आजच्या विक्रेत्याला विकला. आता घेणारं जोडपं असं: ती एका कंपनीत नोकरीला, त्याचा स्वतःचा छोटा छापखाना. कर्ज दोघांच्या नावावर आहे, म्हणून कागदही दोघांचे लागतील.

ओळख: मूळ कागद दाखवायचा, सहीची प्रत ठेवायची

ओळखीसाठी दोघांचं पॅन कार्ड आणि पत्त्याचा एकेक अधिकृत पुरावा लागतो: आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. ओरिजिनल सोबत न्यायचं, झेरॉक्सवर सही करून ती द्यायची आणि ओरिजिनल घेऊन घरी यायचं.

बँकेच्या टेबलावर दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींची ग्वाही देतात. झेरॉक्सवर सही करून अर्जदार म्हणतो, ही माझ्याच कागदाची खरी प्रत आहे. मग अधिकारी ओरिजिनल शेजारी ठेवून फोटो, नाव, जन्मतारीख आणि क्रमांक ताडून बघतो, प्रतीवर ‘ओरिजिनल सीन अँड व्हेरिफाइड’ असा शिक्का मारतो आणि खाली आपली सही, नाव आणि तारीख घालतो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत ज्याला प्रमाणित प्रत म्हणतात ती ही. नुसत्या स्वयंसाक्षांकित प्रतीला हा दर्जा नाही. म्हणून सह्या केलेला गठ्ठा कुणाच्या हाती पाठवला तरी ओरिजिनल दाखवण्याची वेळ टळत नाही.

स्वयंसाक्षांकन म्हणजे प्रत्येक पानावर सही आणि तारीख. सही क्रमांकावर किंवा फोटोवर येऊ द्यायची नाही, नाहीतर ताडायचं तेच झाकलं जातं. शेजारी ‘फक्त गृहकर्जासाठी’ असं लिहून बँकेचं नाव घातलं तर ती प्रत दुसरीकडे वापरणं अवघड होतं. अर्जावर चिकटवलेल्या फोटोचं मात्र उलट आहे. तिथे सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर घ्यायची, म्हणजे फोटो बदलता येत नाही.

गाडी अडते ती बहुधा नावापाशी. आपल्या उदाहरणात तिच्या पॅनवर माहेरचं आडनाव आहे आणि पगारपत्रकावर सासरचं. माणूस एकच, पण कागदावर दोन. मग विवाह नोंदणीचा दाखला लागतो, तोही ओरिजिनल दाखवून आणि सहीची प्रत देऊन. खरेदीचा करारनामा कोणत्या नावाने करायचा हे त्याआधी ठरवलेलं बरं, कारण नोंदणी झाल्यावर नाव दुरुस्त करायचं तर वेगळा चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो.

उत्पन्न: इथे प्रत चालते, कारण खरी नोंद दुसरीकडे असते

नोकरदाराकडून साधारणपणे तीन महिन्यांची पगारपत्रकं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि दोन वर्षांचे फॉर्म १६ मागतात. पगारपत्रक आणि फॉर्म १६ यांच्या सहीच्या प्रती चालतात. एवढ्या मोठ्या कर्जासाठी झेरॉक्सवर बँक भागवते याचं नवल वाटेल. पण उत्पन्न त्या कागदात नसतंच. कागद नुसता पत्ता सांगतो, बँक त्या पत्त्यावर जाऊन बघते.

समजा, तिच्या पगारपत्रकावर हातात पडणारी रक्कम ९२,३५० रुपये आहे. तोच आकडा, रुपयाचाही फरक न पडता, कंपनीच्या नावानिशी स्टेटमेंटमध्ये जमा दिसायला हवा. पगारातून कापलेला कर फॉर्म १६ मध्ये दिसायला हवा आणि तोच आयकर खात्याच्या २६एएस विवरणात तिच्या पॅनवर जमा असायला हवा. कंपनी, बँक आणि आयकर खातं यांची दप्तरं एकमेकांपासून दूर ठेवलेली असतात. तिन्हींमधले आकडे एकमेकांशी जुळले की झेरॉक्स खरी ठरते. एका पगारपत्रकावर आकडा फिरवणं सोपं असेल, तिन्ही दप्तरांत आकडे फिरवणं फार कठीण.

बँक स्टेटमेंटची साधी झेरॉक्स मात्र चालत नाही. ते शाखेच्या सही-शिक्क्याचं हवं किंवा बँकेकडून आलेली पीडीएफ फाइल जशीच्या तशी हवी. पाच महिन्यांचं स्टेटमेंट आहे आणि मधला एक महिना गायब, असं झालं तर त्याच महिन्याची विचारणा होते.

छापखान्याच्या मालकाकडे पगारपत्रक नाही. त्याच्याकडून तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, उत्पन्नाची आकडेमोड, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक घेतात. जोडीला जीएसटी भरणा आणि उद्यम नोंदणी. विवरणपत्रांच्या पोचपावत्या त्याने सही करून द्यायच्या, ताळेबंदावर सही-शिक्का सीएचा. त्या सहीजवळ यूडीआयएन नावाचा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. बँकेतला माणूस तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर टाकतो आणि सहीच्या वेळी सीएने नोंदवलेले ठळक आकडे त्याच्यासमोर येतात. कागदावरची उलाढाल आणि तिथली उलाढाल जुळली नाही, तर खोट कागदात आहे हे लगेच कळतं. तिन्ही वर्षांची विवरणपत्रं एकाच महिन्यात भरलेली दिसली तरी बँक सावध होते. ती धंद्यासाठी भरली की कर्जासाठी, हा प्रश्न तिला पडतो.

मालमत्ता: आधी प्रती, शेवटी ओरिजिनल

अर्ज करताना मालमत्तेच्या फक्त झेरॉक्स द्यायच्या. १९९८ आणि २००९ चे नोंदणीकृत करारनामे, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि मिळकतकराची ताजी पावती. बँकेचे वकील या प्रती घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी तपासतात आणि सर्च रिपोर्ट देतात. बऱ्याच बँका तीस वर्षं मागे जायला सांगतात. फ्लॅट कुणाकडून कुणाकडे गेला ती साखळी कुठे तुटली आहे का, हे ते बघतात.

आपल्या फ्लॅटची साखळी एका जागी अडकते. १९९८ च्या करारनाम्याचं ओरिजिनल विक्रेत्याकडे नाही, फक्त झेरॉक्स आहे. नोंदणी झालेली आहे, इंडेक्समध्ये नाव आहे, मजकुराबद्दल कुणाचीच शंका नाही. मग बँक अडून का बसते? उत्तर त्या जुन्या कलमातच आहे. ओरिजिनल सोपवलं की घर गहाण पडतं. म्हणजे ओरिजिनल जागेवर नाही याचा अर्थ ते हरवलं असेल किंवा कुणाकडे तारण पडलं असेल. झेरॉक्स मजकूर दाखवते, पण या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही.

वाट बंद होत नाही, लांबते. हरवल्याची पोलिसांत नोंद करायची, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायच्या, दुय्यम निबंधकाकडून करारनाम्याची प्रमाणित नक्कल काढायची आणि विक्रेत्याकडून प्रतिज्ञापत्र व हमीपत्र घ्यायचं. नोटिशीची मुदत संपेपर्यंत थांबावंच लागतं, आणि एवढं होऊनही एखादी बँक नाही म्हणू शकते. म्हणून विसार देण्याआधीच विक्रेत्याला म्हणावं, सगळी ओरिजिनल एकदा टेबलावर मांडा.

मांडली की पानं उलटून बघावीत. शाईच्या सहीचा दाब पाठीमागे बोटाला लागतो, रंगीत झेरॉक्सची पाठ गुळगुळीत असते. २००९ च्या करारनाम्याच्या प्रत्येक पानावर कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, पानाचा क्रमांक, एकूण पानं आणि साल यांचा शिक्का आहे. मधलं एक पान गळलं असेल तर ते शिक्काच सांगतो.

कर्ज मंजूर झालं, नवा करारनामा नोंदला गेला, की रक्कम देताना बँक ओरिजिनल मागते: तिन्ही करारनामे, त्यातल्या १९९८ च्या करारनाम्याची प्रमाणित नक्कल, पावत्या, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र. हे कागद बँकेच्या शाखेतच सोपवायचे, कर्ज जुळवून देणाऱ्या एजंटाकडे नाहीत. महाराष्ट्रात त्यानंतर ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदवावी लागते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी सर्च घेतला तर हा बोजा त्याला दिसतो.

चार फायली

- फक्त दाखवायची ओरिजिनल: पॅन, आधार किंवा पासपोर्ट, विवाह दाखला. त्याच दिवशी परत घ्यायची.
- सही करून द्यायच्या प्रती: वरच्या सगळ्यांच्या, शिवाय पगारपत्रकं, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, जीएसटी, उद्यम.
- दुसऱ्याच्या सही-शिक्क्याने द्यायचे: बँक स्टेटमेंट, सीएचा ताळेबंद, सोसायटीचं ना हरकत पत्र.
- आधी साध्या झेरॉक्स, रक्कम मिळताना ओरिजिनल: करारनाम्यांची पूर्ण साखळी, नोंदणी पावत्या, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट.

ओरिजिनल देताना बँकेकडून सही-शिक्क्याची यादी घ्यायची. यादीत प्रत्येक कागदापुढे दस्त क्रमांक, पानं आणि ‘मूळ’ की ‘प्रत’ हे लिहिलेलं हवं, कारण परत मागताना हाच पुरावा. कागद कुठे आणि किती दिवसांत परत मिळतील हे मंजुरीपत्रात लिहिलेलं असायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ओरिजिनल परत द्यायची आणि नोंदलेला बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद बँकेकडून हरवले तर प्रमाणित नकला मिळवून देणं आणि त्याचा खर्च सोसणं बँकेवर असतं. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. हरवलेल्या ओरिजिनलसाठी एरवी विक्रेत्याला जी धावपळ करावी लागते, ती त्या दिवशी बँकेला करावी लागते.