वर्ण की बण्ण?
आधुनिक कन्नड निबंधात तत्सम घ्यावे की तद्भव, हे केवळ भारदस्तपणावर ठरवू नये. कारण काशीची ती ‘यात्रे’ आणि ग्रामदेवतेची ती ‘जात्रे’, हा आपल्याही परिचयाचा भेद तेथे रूढ झाला असून, रंगाला ‘बण्ण’ म्हटले तरी चातुर्वर्ण्यातील वर्णाला ‘वर्ण’च म्हणावे लागते. ‘विद्ये’चे ‘बिज्जे’ मात्र जुन्या काव्याच्या दप्तरी जमा झाले आहे. समासात अधिक सावधगिरी हवी: १३व्या शतकातील केशिराजाच्या ‘शब्दमणिदर्पणा’तही संस्कृत व कन्नड पदांचा संकर, म्हणजे ‘अरिसमास’, सामान्यतः सदोष ठरतो; परंतु तद्भव कन्नडच्याच खाती धरला जात असल्याने ‘होन्नु’, म्हणजे सोने, व ‘बण्ण’ मिळून ‘होंबण्ण’ निर्वेध होतो, आणि तत्समच हवा असल्यास ‘सुवर्णवर्ण’ असा अखंड संस्कृत समास योजावा.