इ-मेलची भाषा (भाग ५) : मायना बदलला की काय होतं

मागच्या आठवड्यात आपण विषयाची ओळ पाहिली. आज मेलची दोन टोकं पाहू : सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटची सही. मेल उघडल्यावर या दोन जागांकडे आपण नीट लक्षही देत नाही, पण समोरचा माणूस आपल्यावर खूश आहे की नाराज, हे पुष्कळदा तिथूनच ठरवतो.

आधी माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. आमच्या कामाचा हिशेब बघणाऱ्या एका गृहस्थांशी माझा सहा वर्षांचा पत्रव्यवहार होता. मेल इंग्रजीतच असायचे. वर ‘हाय’ आणि त्यांचं नाव, खाली ‘थँक्स’ आणि माझं नाव. एकदा मला जीएसटीच्या तीन बिलांच्या प्रती हव्या होत्या. तो मेल पुढे ऑडिटरकडे जाणार होता, म्हणून मी वर ‘डिअर सर’ लिहिलं आणि खाली ‘रिगार्ड्स’ लिहून माझं पूर्ण नाव घातलं. मधला मजकूर नेहमीसारखाच होता : कुठली तीन बिलं, कधीपर्यंत हवीत. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. “ताई, माझं काही चुकलं का?”

मेलमध्ये रागाचा एक शब्दही नव्हता. ‘डिअर सर’ हा तर आदराचाच मायना, आणि ‘रिगार्ड्स’ म्हणजे सदिच्छाच. अनोळखी माणसाला हाच मेल गेला असता तर त्याला तो सभ्य, नीटनेटका वाटला असता. पण त्यांनी शब्दांचा अर्थ वाचलाच नव्हता. सहा वर्षांच्या ‘हाय’पासून ‘डिअर सर’पर्यंत मी किती मागे सरकले, ते अंतर त्यांनी वाचलं होतं.

माझ्या मते या विषयात समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच आहे. एखाद्या अभिवादनात ठरावीक ऊब भरलेली नसते. ती आधीच्या मेलच्या तुलनेत जाणवते. ‘काइंड रिगार्ड्स’ लिहिणारा माणूस एके दिवशी नुसतं ‘रिगार्ड्स’ लिहितो, तेव्हा गारवा जाणवतो. जो पहिल्या दिवसापासून ‘रिगार्ड्स’च लिहितो, त्याच्याबद्दल असं काही वाटत नाही. उलट दिशेनेही हेच होतं. तीन मेल ‘डिअर मॅडम’ने सुरू झाले आणि चौथ्यात ‘हाय’पुढे नाव आलं, तर समोरच्याने एक पाऊल पुढे टाकलं आहे. त्याला पुन्हा ‘डिअर सर’ने उत्तर दिलं, तर पुढे आलेला हात तसाच राहतो.

आपल्या जुन्या पत्रांत असा घोटाळा फारसा होत नसे. वडिलांना ‘तीर्थरूप’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, धाकट्याला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, कचेरीला ‘आपला विश्वासू’. मायना नात्याने ठरलेला असायचा, लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीने नाही. मुलावर चिडलेला बापही पत्राच्या वर ‘चि.’च लिहायचा, आणि राग काय तो मजकुरात यायचा. इ-मेलमध्ये हा नेम उरला नाही. ‘हाय’, ‘हॅलो’, ‘डिअर’, ‘नमस्कार’, नुसतं नाव किंवा काहीच नाही, यांतून प्रत्येक वेळी निवड करावी लागते. आणि निवड आली की वाचणारा तिच्यामागचं कारण शोधतो.

नुसतं नाव लिहून स्वल्पविराम देणं हा यातला सर्वांत धोक्याचा प्रकार. आपल्याकडे ऑफिसात ‘सर’, ‘मॅडम’, ‘जी’ यांपैकी काहीतरी नावाला जोडायची सवय असते. ते काढून नाव एकटं ठेवलं की हाक मारल्यासारखं वाटतं, आणि तीही वरच्या आवाजात. मात्र एकाच धाग्यात सकाळपासून सहावा मेल जात असेल, तर अभिवादन गळणं अगदी स्वाभाविक आहे. तिथे तो संवादच असतो, आणि बोलताना प्रत्येक वाक्याआधी कोणी नमस्कार करत नाही.

कोण कोणाला काय लिहितं, हे हुद्द्यावर ठरतं असं आपण गृहीत धरतो. न्यूझीलंडच्या जोन वॉल्डव्होगेल यांनी तिथल्या दोन ठिकाणचे शेकडो मेल तपासून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक होती शैक्षणिक संस्था, दुसरा कारखाना. शिकल्या-सवरल्या लोकांच्या संस्थेत शिष्टाचार जास्त असेल असं कोणालाही वाटेल. निघालं उलटं. संस्थेत नुकती फेररचना झाली होती, वरिष्ठांवरचा विश्वास उडाला होता, आणि तिथल्या मेलमध्ये अभिवादन नि समारोप कमी होते. कारखान्यात व्यवस्थापन आणि कामगार यांचे संबंध मोकळे होते, तिथे ते भरपूर होते. हुद्दा, ओळख किंवा लिहिणारा पुरुष की स्त्री, यांपेक्षा कामाच्या जागेचं वातावरण जास्त प्रभावी ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोनच ठिकाणं तपासलेली असल्यामुळे तो सगळीकडे लावता येणार नाही. पण नव्या नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लोक मेलची सुरुवात कशी करतात ते पाहण्यात अर्थ आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता खालचं टोक. बहुतेक ऑफिसांत ‘थँक्स अँड रिगार्ड्स’ हे सहीच्या ठोकळ्यात कायमचं बसवलेलं असतं. अर्ज नाकारल्याच्या मेलखालीही तेच येतं. म्हणून वाचणारे त्याकडे पाहणंच सोडून देतात. ठोकळ्याच्या वर हाताने टाइप केलेली एक ओळ मात्र वाचली जाते.

त्या ओळीत आभार कशाचे मानायचे, यावर बरंच अवलंबून असतं. बूमरँग या मेल-सेवेने २०१७ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मेल-संवाद तपासले. आभाराने संपणाऱ्या मेलना ६२ टक्के वेळा उत्तर आलं, बाकीच्यांना ४६ टक्के वेळा. सर्वांत वर होतं ‘थँक्स इन अ‍ॅडव्हान्स’. हा आकडा वाचून अनेकांनी ते शब्द उचलले. पण ते मेल मुख्यतः ऑनलाइन गटांतले होते, जिथे लोक एकमेकांकडे मदत मागतात. उत्तर आभारामुळे आलं की मुळात मदत मागितली होती म्हणून, हे त्यातून सिद्ध होत नाही. हाताखालच्या माणसाला ‘आगाऊ आभार’ लिहिले, तर त्याला नकाराची जागाच उरत नाही. शब्द आभाराचे असले तरी पोचतो तो हुकूम.

झालेल्या कामाचे आभार वेगळे. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या २०१० च्या प्रयोगात ६९ जणांनी एका विद्यार्थ्याचं नोकरीसाठीचं पत्र तपासून दिलं. मग त्याने मेलवर दुसरं पत्र तपासायची विनंती केली. काहींना नुसती पोच आणि विनंती गेली, त्यांतल्या ३२ टक्क्यांनी मदत केली. ज्यांना मनापासून आभार मानून विनंती केली होती, त्यांतल्या ६६ टक्क्यांनी केली.

माझ्या त्या मेलमध्येही हेच करता आलं असतं. ‘मागच्या महिन्याची बिलं तुम्ही वेळेत पाठवलीत, त्याचा उपयोग झाला’ हे एक वाक्य, आणि ‘हा मेल ऑडिटरकडे जाणार आहे म्हणून जरा औपचारिक लिहिते आहे’ असा वेगळा, दोन ओळींचा निरोप आधी पाठवला असता, तर वर ‘डिअर सर’ असूनही त्यांना फोन करावा लागला नसता.

पुढचा भाग वाचण्याआधी एक करा. ज्या व्यक्तीशी तुमचा सर्वांत जास्त पत्रव्यवहार होतो, तिला पाठवलेले शेवटचे दहा मेल उघडा आणि फक्त पहिली नि शेवटची ओळ वाचा. कुठे बदल दिसला, तर त्या दिवशी काय झालं होतं ते आठवून पाहा. पुढच्या आठवड्यात ‘सीसी’त कोणाला ठेवायचं ते पाहू.