साडेबाराला छोटा काटा कुठे असतो?

दुसरीतल्या मुलाला कागदी घड्याळावर साडेबारा वाजवून दाखवायला सांगा. बरीच मुलं छोटा काटा बारावर ठेवतात, मोठा काटा खाली सहावर आणतात आणि झालं म्हणून वर बघतात. आता तेच घड्याळ चार पावलं मागे जाऊन बघा. बारापासून सहापर्यंत एक सरळ उभी रेघ दिसेल. बरोबर सहा वाजतात तेव्हाही घड्याळात अशीच उभी रेघ असते, फक्त छोटा काटा खाली आणि मोठा वर. मुलाने काटे कापताना त्यांची लांबी जवळजवळ सारखी ठेवली असेल तर वेळ सहाची की साडेबाराची, हे शिक्षकांनाही सांगता येणार नाही.

चालत्या घड्याळात हा घोळ होत नाही. साडेबाराला छोटा काटा बारावर नसतोच, तो बारा आणि एकच्या बरोबर मधोमध असतो. म्हणजे मुलाने दाखवलेली वेळ कुठल्याही चांगल्या घड्याळात कधीच येत नाही. तरीही वहीत तिच्यावर बरोबरची खूण मिळते, कारण मोठा काटा सहावर आहे ना, मग झालं साडे, असं तपासणाराही धरून चालतो.

या चुकीत मुलाचा दोष थोडा आणि कागदी घड्याळाचा जास्त असतो. भिंतीवरच्या घड्याळात तबकडीच्या मागे दातेरी चाकं असतात. मोठा काटा पूर्ण एक फेरा मारतो तेवढ्या वेळात ती छोट्या काट्याला फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत, नेतात. मोठ्याने अर्धा फेरा मारला की छोटा त्याच्या अर्धी वाट चाललेला असतो. दोघं एकमेकांना बांधलेले असतात. कागदी घड्याळात ती चाकं नाहीत. तिथे मुलं एक काटा हलवतात आणि दुसरा जागच्या जागी राहतो. जे घड्याळ शिकवण्यासाठी बनवलं, ते घड्याळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाखवतच नाही. म्हणून ते टाकून द्यावं असं नाही. फक्त चाकांचं काम तिथे मुलाच्या बोटांनी करायचं असतं, आणि ते त्याला सांगावं लागतं.

घड्याळ बनवतानाच याची तयारी करता येते. साधारण वीस सेंटिमीटरची ताटली कागदावर ठेवून वर्तुळ आखा आणि कापा. त्याची दोनदा बरोबर मधोमध घडी घातली की चार घड्या उमटतात आणि त्या जिथे भेटतात तो मध्यबिंदू. घड्यांच्या टोकांना आधी १२, ३, ६ आणि ९ लिहून घ्यायचे, मग मधले दोन-दोन आकडे. एकपासून ओळीने लिहीत गेलेल्या मुलांचे आकडे सुरुवातीला दूरदूर पडतात आणि नऊनंतर दाटीवाटी होते. हे वर्तुळ जुन्या लग्नपत्रिकेच्या किंवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं. मोठा काटा भोकापासून टोकापर्यंत सात सेंटिमीटर आणि छोटा चार सेंटिमीटर ठेवला तर दोघांत गल्लत होत नाही. मागे पाय उलगडणारी पितळी पिन किंवा टिचबटण लावून काटे बसवायचे. घड्याळ उभं धरल्यावर काटे आपोआप खाली घसरत असतील तर काट्याखाली पुठ्ठ्याची छोटी चकती घाला. सैल काटा वेळ धरून ठेवत नाही, आणि मग मूल चुकलं की काटा घसरला हे कळायला मार्ग उरत नाही.

आता खरं महत्त्वाचं काम. प्रत्येक आकड्यापासून मध्यबिंदूपर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढा, म्हणजे बारा पाचरी तयार होतील. चारपासून पाचपर्यंतची पाचर हे चारचं घर, पाचपासून सहापर्यंतची पाचचं घर. शेजारशेजारच्या घरांना वेगळे रंग द्या आणि प्रत्येक घराच्या मधोमध एक ठळक खूण करा. ही खूण विकतच्या तबकडीवर मिळत नाही. तिथे दोन आकड्यांच्या मध्ये मिनिटांचे चार ठिपके असतात आणि बरोबर मधली जागा दुसऱ्या-तिसऱ्या ठिपक्याच्या मध्ये मोकळी असते. म्हणून ती आपणच करायची.

पहिले दोन-तीन दिवस मोठा काटा लावूच नका. नुसत्या छोट्या काट्यावर वेळ सांगू द्या. काटा चारच्या रेघेवर आहे, तर चार वाजले. घरात थोडा आत शिरला, तर चार वाजून गेले. मधल्या खुणेवर आला, साडेचार. खुणेच्याही पुढे गेला, आता पाच वाजायला आले. घड्याळांचा इतिहासही असाच आहे. युरोपातल्या जुन्या मनोऱ्यांवरच्या कितीतरी घड्याळांना एकच काटा होता, तासाचा. क्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ बनवलं, घड्याळं पुरेशी अचूक झाली, आणि त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. वेळ सांगायचं मुख्य काम छोटा काटा करतो आणि मोठा ती नेमकी करतो. आपण मात्र मुलांना मोठ्या काट्यापासून शिकवायला लागतो. तो लांब असतो, हलताना दिसतो, आणि मुलाचं सगळं लक्ष तिकडेच जातं.

मग मोठा काटा लावायचा. त्याचे दोनच मुक्काम सांगायचे: वर बारावर आणि खाली सहावर. पाच, दहा, पंधरा मिनिटं आत्ता नकोत. याच वेळी घरातलं एक जुनं भिंतीवरचं घड्याळ सेल काढून मुलाच्या हातात द्या. मागची कळ फिरवली की दोन्ही काटे कसे बरोबर जातात ते त्याला बघू द्या. मोठा बारावरून सहावर येईपर्यंत छोट्यावरून नजर हलवायची नाही, एवढीच सूचना पुरे. नंतर कागदी घड्याळावर तेच दोन्ही हातांनी करायचं: उजव्या हाताने मोठ्याचा अर्धा फेरा, डाव्या हाताने छोट्याचं अर्धं घर.

यानंतर वर्कशीट. दुसरीसाठी एका पानावर सहा घड्याळं भरपूर झाली, पण ती कोणती हे विचारपूर्वक निवडावं. मी चार, साडेचार, नऊ, दीड, साडेसहा आणि साडेबारा या वेळा निवडेन. निम्म्यांत काटे छापलेले असावेत आणि मुलाने वेळ लिहावी. निम्म्यांत वेळ दिलेली असावी आणि मुलाने काटे काढावेत. वाचायला येतं म्हणजे काढायलाही येतं असं नाही, आणि छोट्या काट्याची चूक काढतानाच उघडी पडते.

साडेचारचं घड्याळ घेऊन बघू. छोटा काटा चार आणि पाचच्या मध्ये, मोठा सहावर. याखाली मुलाने काय लिहिलं यावरून त्याचं कुठे अडलं ते कळतं. ‘चार वाजून सहा’ लिहिलं, तर छोटा काटा त्याने बरोबर वाचला आहे. मोठ्या काट्यासाठी सहाचा अर्थ अर्धा फेरा होतो एवढंच त्याला कळलेलं नाही. त्याला बारापासून सहापर्यंतची अर्धी तबकडी रंगवायला लावा. ‘साडेपाच’ लिहिलं, तर त्याला साडे समजलं आहे, पण मधोमध असलेला काटा कुणाच्या घरात मोजायचा हे कळलेलं नाही. इथे रंगीत घरं उपयोगी पडतात: पाचच्या रेघेला काटा टेकत नाही तोवर तो चारच्याच घरात. आणि ‘साडेसहा’ लिहिलं, तर त्याने मोठा काटा तासाचा म्हणून वाचला. तो पुन्हा नुसत्या छोट्या काट्याच्या घड्याळावर जायला हवा. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, पण तिन्हींवर नुसती फुली मारली तर ती सारखीच दिसतात.

साडेसहाचं घड्याळ मुद्दाम घालायचं, कारण तिथे दोन्ही काटे खाली गोळा होतात. मुलं ते एकावर एक ठेवून देतात. खरं तर मोठा बरोबर सहावर असतो आणि छोटा त्याला मागे सोडून सहा-सातच्या मधल्या खुणेवर गेलेला असतो. त्यांच्यात अर्ध्या घराचं अंतर दिसलंच पाहिजे.

दीडच्या घड्याळाखाली काही मुलं ‘साडेएक’ लिहितात, आणि अडीचच्या जागी ‘साडेदोन’. यावर हसू नये. साडेतीन, साडेचार, साडेपाच ऐकलेल्या मुलाने तो नियम मागच्या दोन आकड्यांनाही लावला, यात त्याचा विचार पक्का आहे. काटे आणि अर्थ दोन्ही बरोबर आहेत असं आधी सांगावं आणि मग दीड-अडीच हे शब्द द्यावेत. दीड किलो साखर आणि अडीच मीटर कापड त्याने घरी ऐकलेलं असतं. एक आणि अर्धा, दोन आणि अर्धा, तेच इथे तासांना लागू होतं. जोडीला १:३० आणि २:३० असे आकडे लिहून घ्यावेत, कारण मोबाईलवर त्याला तेच दिसणार आहेत.

पानाच्या शेवटी एक प्रश्न उलट विचारावा. एका घड्याळात छोटा काटा नेमका आठवर, मोठा सहावर, आणि खाली: ‘असं घड्याळ कधी दिसेल का? का?’ कळ फिरवून बघितलेलं मूल म्हणतं, नाही, मोठा सहावर आहे म्हणजे छोटा आठच्या पुढे गेलेला असणार. हे उत्तर आलं की पुढे पाव आणि पाऊण शिकवायला हरकत नाही. नाही आलं, तर आणखी चार पानं सोडवून घेण्यापेक्षा जुनं घड्याळ आणि त्याची कळ पुन्हा हातात द्यावी.

आणि पालकांना, शिक्षकांना एक कळकळीची विनंती. बाजारातलं किंवा कुणी पाठवलेलं वर्कशीट मुलापुढे ठेवण्याआधी त्यातली साडेची घड्याळं एकदा निरखून बघा. छोटा काटा थेट आकड्यावर छापलेली चित्रं सर्रास सापडतात. तसं चित्र दिसलं तर त्यावर पांढरा कागद चिकटवा आणि दोन आकड्यांच्या मधोमध नवा काटा काढून मगच ते पान मुलाला द्या.