प्रोजेक्टर छताला टांगताना: उलटा का, किती खाली आणि वारा कुठून?



आपल्या बऱ्याच ग्रामसंघांकडे आणि प्रभाग संघांकडे प्रशिक्षणासाठी प्रोजेक्टर आहे. दर वेळी टेबल मांडायचं, खाली वह्या ठेवून उंची करायची आणि वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून बघत बसायचं. म्हणून तो छताला बसवायचा ठराव होतो. काम इलेक्ट्रिशियन करतो, पण बिलावर सही तुमची असते आणि प्रोजेक्टरखाली बसणाऱ्याही आपल्याच बाया असतात. त्यामुळे काम कसं व्हायला पाहिजे, ते आपल्याला माहीत हवं.

उलटाच का टांगायचा?

टेबलावरचा प्रोजेक्टर नीट बघा. त्याचं चित्र भिंगासमोर सरळ पडत नाही, थोडं वर पडतं. तो तसाच बनवलेला असतो, म्हणजे टेबल आड येत नाही. आता तोच प्रोजेक्टर छताजवळ सुलटा ठेवला तर चित्र आणखी वर, थेट छतावर जाईल. उलटा टांगला की तेच चित्र खाली, पडद्यावर येतं. म्हणून “फळी ठोकून त्यावर सुलटा ठेवू” असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. मग तो पुढे झुकवावा लागतो आणि चित्र वाकडं येतं.

जागा टेबलावरच ठरवा

भोक पाडायच्या आधी एक माप घ्या. समजा, आपला हॉल 10 फूट उंच आहे, पडदा 6 फूट रुंद आहे आणि त्याची वरची कड जमिनीपासून साडेसात फुटांवर आहे. प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. तो 1.5 ते 1.6 असेल तर पडद्याची रुंदी त्याने गुणायची: 6 गुणिले 1.5 म्हणजे 9 फूट, आणि 6 गुणिले 1.6 म्हणजे साधारण साडेनऊ फूट. मग भिंग पडद्यापासून सव्वानऊ फुटांवर ठेवू. माप भिंगापासून घ्यायचं, छताच्या हुकापासून नाही.

आता तेवढ्याच अंतरावर टेबलावर प्रोजेक्टर अगदी सपाट ठेवा आणि चित्र पडद्याएवढं करा. चित्राची खालची कड भिंगाच्या उंचीपेक्षा किती वर सुरू होते ते मोजा. समजा 4 इंच आलं. उलटा टांगल्यावर चित्राची वरची कड भिंगाच्या 4 इंच खाली येणार. म्हणजे भिंग साडेसात फूट अधिक 4 इंच, अर्थात 7 फूट 10 इंचांवर हवं. छतापासून 2 फूट 2 इंच खाली. म्हणून साधारण 2 फुटी पाइपचा स्टँड मागवायचा.

या पाइपचा आणखी एक फायदा आहे. छताला चिकटवलेल्या प्रोजेक्टरचा उजेड बऱ्याचदा पंख्याच्या पात्यांमधून जातो आणि पडद्यावर सावली फिरत राहते. खाली टांगला की उजेड पंख्याखालून जातो. फक्त प्रोजेक्टर पंख्याच्या पात्यांपासून बाजूला, किमान 3 फूट लांब असू द्या.

छताचा जोर

स्लॅबला स्टँड लोखंडी अँकर फास्टनरनेच बसवायचा. लाकडी गुट्टी किंवा प्लास्टिकचा प्लग छतात चालत नाही, कारण वजन सतत खाली ओढत असतं. जिथे ओल येते, प्लॅस्टर पोकळ वाजतं किंवा गंजलेली सळई दिसते, ती जागा सोडा. पीओपीच्या छताला किंवा नुसत्या पत्र्याला काहीच लटकवू नका. पत्र्याच्या हॉलमध्ये स्टँड लोखंडी अँगलला बसवावा लागतो.

प्रोजेक्टर आणि स्टँड मिळून 5 किलोच्या आसपास वजन होतं. प्रोजेक्टर लावायच्या आधी त्या पाइपला 20 लिटरचा भरलेला पाण्याचा जार दोरीने रात्रभर टांगून ठेवा. तो 20 किलोचा असतो. सकाळी फास्टनर जागचा हलला नाही, प्लॅस्टरला तडा नाही, तरच पुढचं काम.

चित्र सरळ करायचं सेटिंग

टांगल्यावर चित्र उलटं दिसेल. घाबरू नका. रिमोटवरचं Menu बटण दाबा आणि Projection नावाचा पर्याय शोधा. काही कंपन्या त्याला Projector Position असंही म्हणतात. त्यात Front/Ceiling निवडा. चित्र वरखाली आणि डावंउजवं दोन्ही फिरून सरळ येतं. मेनूची अक्षरं उलटी वाचत बसायची नसतील तर हे सेटिंग टेबलावर असतानाच करून मग टांगा.

माणसं पायावर उभी दिसतात, पण अक्षरं आरशात बघावीत तशी उलटी, असं झालं तर Rear/Ceiling निवडलं गेलंय. ते पडद्याच्या मागून चित्र टाकण्यासाठी असतं.

कधी कधी इलेक्ट्रिशियन लॅपटॉपमध्येच चित्र फिरवून देतो. त्या दिवशी काम भागतं, पण दुसऱ्या ताईचा लॅपटॉप जोडला की पुन्हा सगळं उलटं. प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनूही उलटाच राहतो. सेटिंग प्रोजेक्टरमध्येच हवं.

चित्र खाली रुंद आणि वर अरुंद दिसलं तर प्रोजेक्टर पुढे झुकलाय. आधी स्टँडचे स्क्रू सैल करून तो सपाट करा. Keystone हे बटण त्यानंतर, अगदी थोड्या फरकासाठी. ते जास्त वापरलं की चित्र लहान होतं आणि बारीक अक्षरं फुसकी दिसतात.

वायरी

दोनच वायरी लागतात: एक विजेची, एक एचडीएमआय. एचडीएमआयची लांबी अशी काढा: प्रोजेक्टरपासून भिंतीपर्यंत 7 फूट, भिंतीवरून 6 फूट, खाली टेबलापर्यंत 7 फूट आणि दोन्ही टोकांना मिळून 3 फूट सैल. झाले 23 फूट, म्हणजे 7 मीटर. मग 10 मीटरची घ्या, जोडून वाढवू नका. साध्या केबलने 10 मीटरच्या पुढे चित्र लुकलुकू लागतं किंवा मध्येच जातं.

या केबलचं तोंड मोठं असतं, ते 20 मिलीमीटरच्या पाइपातून जात नाही. 25 मिलीमीटरचा पाइप किंवा झाकण उघडणारी पट्टी वापरा. कोपऱ्यात ती काटकोनात मुडपू नका, गोल वळण द्या. विजेची वायर वेगळ्या पट्टीतून, वीतभर लांबून न्या. प्रोजेक्टरजवळ अर्थिंगचं तीन पिनचं सॉकेट हवं. लोंबकळणारं एक्स्टेन्शन नको.

हवा खेळू द्या

प्रोजेक्टर एका बाजूने हवा आत घेतो आणि दुसरीकडून गरम हवा फेकतो. काहींची जाळी पोटाला असते. उलटा टांगल्यावर ती छताकडे जाते, म्हणून छताला चिकटवला तर त्याचा श्वासच कोंडतो. किती जागा सोडायची ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर चारही बाजूंनी आणि वर एक फूट मोकळा ठेवा. चोरीच्या किंवा धुळीच्या भीतीने प्लायची पेटी करू नका. आतली गरम हवा तो पुन्हा आत ओढतो.

मे महिन्यात दुपारी स्लॅबखालची हवा सगळ्यात तापलेली असते. Temp असं लिहिलेला दिवा लागला, पंखा जोरात वाजू लागला किंवा मशीन आपोआप बंद पडलं, तर ते तापलंय. तासभर थांबा, जाळीची धूळ काढा, मगच सुरू करा. रोज बंद करताना रिमोटने बंद करायचं आणि आतला पंखा थांबल्यावरच भिंतीवरचं बटण दाबायचं.

बिल देण्याआधी

प्रोजेक्टर सलग दोन तास चालवून घ्या, तेही भर दुपारी. तेवढ्यात दिवा लागला नाही, केबल हलवून चित्र गेलं नाही, दुसरा लॅपटॉप जोडूनही चित्र सरळ आलं आणि धूळ काढायला प्रोजेक्टर खाली घेता आला, की मग सही करा.