चौघांचं तिकीट महाग का?

दिवाळीच्या आधीचे दोन दिवस मी पुण्यात टिळक रस्त्यावरच्या एका तिकीट एजंटच्या कार्यालयात बसून काढले. विमानाचं भाडं डोळ्यांदेखत बदलतं तेव्हा नेमकं काय घडतं, ते बघायचं होतं. पहिल्याच दुपारी एक निवृत्त शिक्षक आले. मुलगा, सून आणि नात यांच्यासह चौघांना नागपूरला जायचं होतं. सकाळी घरी मोबाइलवर त्यांनी एकट्याचं भाडं पाहिलं होतं, 4,200 रुपये. मुलाने दुपारच्या आत चौघांचं शोधलं, तर माणशी 5,600. "आम्ही बघतोय हे त्यांना कळलं, म्हणून वाढवलं," काका ठामपणे म्हणाले.

काउंटरवरच्या ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी संगणक काकांकडे वळवला. एजंटांच्या पडद्यावर त्या विमानापुढे अशी ओळ दिसते:

```
Y9 B9 M9 K6 L2 Q0
```

प्रत्येक अक्षर म्हणजे भाड्याचा एक कप्पा. आकडा म्हणजे त्या कप्प्यात आत्ता विकायला असलेल्या जागा. 9 म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त. खुर्च्या त्याच, मागच्या-पुढच्याही तशाच, फक्त विकायचे भाव वेगळे. Q हा सर्वांत स्वस्त कप्पा संपलेला होता. L म्हणजे 4,200चा, त्यात दोनच जागा होत्या. त्यावरचा K 5,600चा.

एका वेळी चौघांची तिकिटं मागितली की यंत्रणा चारही जागा ज्यात मिळतील असा सर्वांत स्वस्त कप्पा शोधते. दोघांना L आणि दोघांना K अशी विभागणी ती सहसा आपणहून करत नाही. म्हणून चौघेही K मध्ये गेले आणि बिल झालं 22,400. ताईंनी दोन-दोन जागांची वेगळी तिकिटं काढली, तेव्हा ते 19,600 झालं. काकांचे 2,800 रुपये वाचले. पण ताईंनी पैसे घेण्याआधी बजावलं, की आता तुमचे पीएनआर दोन झाले. विमान रद्द झालं आणि दुसऱ्या विमानात जागा द्यायची वेळ आली, तर विमान कंपनीच्या लेखी तुम्ही एक कुटुंब नसता. नातीला आई किंवा वडिलांच्याच पीएनआरमध्ये ठेवायचं, हेही त्यांनी पाहिलं.

स्वस्त कप्पा भरलेला नसतानाही बंद होतो, हे काकांना पटायला वेळ लागला. त्यामागचा हिशेब जुना आहे. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी 1972 साली तो मांडला. समजा, शेवटची खुर्ची आज 4,000ला मागणारा माणूस समोर उभा आहे. ऐन वेळी तीच खुर्ची 10,000ला घेणारा येईल, अशी शक्यता 40 टक्क्यांहून जास्त असेल, तर आजच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं कंपनीला परवडतं. दिवाळीच्या आठवड्यात पुणे-नागपूरला ही शक्यता मोठी असते, म्हणून स्वस्त कप्पे लवकर मिटतात. अंदाज चुकला, किंवा एखाद्या सहल कंपनीने अडवून ठेवलेल्या जागा परत केल्या, की मिटलेला कप्पा पुन्हा उघडतो. म्हणूनच भाडं कधीकधी उतरतंही.

दुसऱ्या दिवशी एक तरुणी आली. पैसे भरायच्या पानावर पोचल्यावर भाडं वाढलं म्हणून ती चिडलेली होती. ब्राउझर बदलून, इतिहास पुसून तिने तीनदा प्रयत्न केला होता. ताईंच्या मते यादीत दिसणारं भाडं बरेचदा काही मिनिटांपूर्वी साठवलेलं असतं, खरी विचारणा तिकीट घेताना होते. शिवाय आपण अर्धवट सोडलेल्या प्रयत्नात धरून ठेवलेली जागा लगेच मोकळी होत नाही. कप्प्यात एकच जागा उरली असेल, तर आपणच आपली वाट अडवलेली असते. तासाभराने तरुणीने पुन्हा पाहिलं, तेव्हा पहिलं भाडं परत आलं होतं.

तरीही मला गिऱ्हाइकांचा राग चुकीचा वाटत नाही. एसटीने दिवाळीत हंगामी भाडेवाढ केली की लोक कुरकुरतात, पण वाढ किती आणि कधीपासून हे आधी कळलेलं असतं आणि शेजारच्या सीटवरचाही तेवढेच देतो. इथे शेजाऱ्याने निम्मे दिलेले असतात आणि कारण कुणी सांगत नाही. काकांना 5,600 रुपये फार झाले, असं नव्हतं. आपल्याला फसवलं गेलं, असं त्यांना वाटत होतं. ती एक ओळ दिसल्यावर त्यांचा आवाज खाली आला. ही ओळ एजंटला दिसते, तर प्रवाशालाही दिसायला हवी. "या भाड्यात दोनच जागा आहेत, तुम्ही चार मागितल्यात" एवढं वाक्य दाखवणं कोणत्याही विमान कंपनीला जड नाही.

तोवर एक करा. घरातल्या सगळ्यांचं तिकीट काढताना आधी एकाचं भाडं बघा, मग दोघांचं, मग सगळ्यांचं. माणशी आकडा जिथे उडी मारेल, तिथे तो कप्पा संपला असं समजा.