एका खात्यात दोघं मावतात का?

समजा, तू नांदेडला राहतोस आणि तुझा जिवलग दोस्त यंदा लातूरला राहायला गेला. सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन येतो, "काय करू लाललास? तुझा बीजीएमआयचा पासवर्ड दे की, दोघं मिळून खेळू! तुझा रँक पण वाढवून देतो."

आता गंमत बघ. पासवर्ड दिलास, तरी तुम्ही दोघं एकत्र खेळूच शकणार नाही!

का? खेळ तुझ्या फोनमध्ये दिसतो, पण तुझं खातं असतं दूर कुठेतरी, खेळाच्या सर्व्हरवर. तुझा रँक, कपडे, बंदुकांचे स्किन, विकत घेतलेले यूसी, सगळं तिथे. मैदानात एका खात्याचा एकच खेळाडू उतरतो. दोस्ताने लातूरहून तुझं खातं उघडलं, की नांदेडला तुझ्या स्क्रीनवर सूचना येते, 'दुसऱ्या फोनवर लॉगिन झालं आहे', आणि तू बाहेर! तू परत आत शिरलास, की तो बाहेर. म्हणजे पासवर्ड देऊन फार तर आळीपाळीने खेळता येतं. जोडीने खेळायला खातीही दोनच लागतात.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. बीजीएमआयला अनेकदा स्वतःचा पासवर्डच नसतो! सुरुवातीला तू 'गूगल'चं बटण दाबलंस, आठवतं? तेव्हा खेळाने गूगलला विचारलं, "हा कोण?" गूगलने सांगितलं, "हा अमुक, मी ओळखतो." खेळाला तुझा पासवर्ड कळलाही नाही. मग दोस्त 'खेळाचा पासवर्ड' मागतो, तेव्हा खरं तर काय मागतो? तुझ्या गूगल खात्याचा पासवर्ड! त्या खात्यात ईमेल असतात, फोटो असतात, आणि इतर साइटचे पासवर्ड साठवले असतील तर तेही. फोन बाबांचा असेल, तर हे सगळं बाबांचं. प्ले स्टोअरला कार्ड जोडलेलं असेल, तर तेही तिथेच.

"पण माझा दोस्त चोर थोडाच आहे!" नसेलच. पण त्याचा चुलतभाऊ शेजारी बसून बघतो, किंवा दोस्त तो पासवर्ड सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर टाकतो आणि लॉगआउट करायला विसरतो. कधी दोस्ताला कुणीतरी 'नेम आपोआप लागतो' असा हॅक देतं. सर्व्हरला बोटं कुणाची ते दिसत नाहीत, खातं कुणाचं ते दिसतं. हॅक पकडला गेला, की बंदी तुझ्या खात्यावर येते, आणि ती काही वेळा दहा-दहा वर्षांची असते! "मी नव्हतो, दोस्त होता" हे सांगून उपयोग होत नाही, कारण खातं दुसऱ्याला वापरायला देणं हेच नियमाबाहेर असतं.

मग जोडीने खेळायचं कसं? दोस्ताने स्वतःचं खातं उघडायचं, आई-बाबांना विचारून. तुझ्या प्रोफाइलवर आकड्यांचा एक आयडी असतो. पासवर्ड नाही, तो आयडी दोस्ताला पाठव. आयडी म्हणजे घराचा पत्ता आणि पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. पत्त्यावरून दोस्त दारापर्यंत येतो, कडी मात्र तूच काढतोस. तो खेळात तुझा आयडी शोधून मैत्रीची विनंती पाठवेल, तू ती स्वीकारायचीस, मग संघात बोलवायचं. सुरुवातीला त्याचा रँक कमी असेल, तर रँक नसलेल्या क्लासिक सामन्यात खेळा. नांदेड असो वा लातूर, दोघं एकाच जीपमध्ये! आणि तो सुट्टीत घरी आला, की तुझा फोन त्याच्या हातात दे, पण लॉगिन तूच कर.

कॉम्प्युटरवरच्या स्टीममध्ये तर कुटुंबासाठी सोयच आहे. घरातले सहा जण आपापल्या खात्यातून एकमेकांचे खेळ खेळू शकतात. मात्र भावाने तुझ्या खेळात हॅक वापरला, तर त्या खेळात त्याच्याबरोबर तुझ्यावरही बंदी येते.

आणि पासवर्ड आधीच देऊन बसला असशील तर? मोठ्यांना बरोबर घेऊन myaccount.google.com उघड. 'सुरक्षा' विभागात रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना, हे आधी बघ. कुणी ते बदललं असेल, तर खातं परत मिळवणं अवघड होऊ शकतं. मग पासवर्ड बदल. त्यानंतर 'तुमची डिव्हाइस'ची यादी बघ आणि अनोळखी फोन दिसला तर त्याला साइन आउट कर. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर, म्हणजे नुसता पासवर्ड कळून कुणाला आत येता येणार नाही. तुझ्या फोनवर येणारा कोड मात्र कुणालाच सांगायचा नाही, दोस्तालाही नाही. पैसे गेलेच असतील, तर आई-बाबांनी लगेच 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा.