रोजा, डोकेदुखी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

रमजानच्या पहिल्या आठवड्यात डोकेदुखीची तक्रार अनेक घरांत ऐकू येते. एकादशी, महाशिवरात्रीचा उपवास धरणाऱ्यांनाही ती नवी नाही. बहुतेकदा कपाळ दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे जड होते, दुपारनंतर त्रास वाढतो आणि खाणेपिणे झाल्यावर उतरतो. पण प्रत्येक डोकेदुखी उपवासाचीच असे धरून चालले, तर कधी मोलाचा वेळ जातो. उलट, प्रत्येक वेळी घाबरले तर मोठ्या शहराची खर्चिक वारी घडते.

समजा, शिवणकाम करणारी ३८ वर्षांची एक गृहिणी आहे. एरवी दिवसभरात पाच-सहा कप चहा. तिसऱ्या रोजाला दुपारी चारपासून डोके धरते, इफ्तारनंतर चहा घेतला की तासाभरात मोकळे होते. हे काम फॅमिली डॉक्टरांचे. ते रक्तदाब मोजतील, साखर तपासतील, चष्म्याचा नंबर, झोप आणि चहा यांबद्दल विचारतील. चहा एकदम तुटला की डोके दुखते आणि हा त्रास साधारण आठवड्याभरात ओसरतो. सहेरीला पुरेसे पाणी आणि एक कप चहा एवढ्यानेही फरक पडतो. पुढच्या वर्षी रमजानच्या दोन आठवडे आधीपासून चहा हळूहळू कमी करणे अधिक बरे. मधुमेहाची औषधे चालू असतील तर मात्र रोजात डोके दुखून घाम, थरथर सुटली की लगेच साखर तपासावी. ती ७०च्या खाली असेल तर रोजा तिथेच सोडावा. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत धर्मानेच दिलेली आहे.

आता याच गृहिणीचे डोके रमजान संपल्यावरही दुखत राहिले, एका बाजूला ठणकते, उजेड सोसत नाही, उलट्या होतात. ही बहुधा अर्धशिशी. तिचे निदान लक्षणे ऐकून होते, त्याला दर वेळी एमआरआय लागत नाही आणि पहिले उपचार फॅमिली डॉक्टरही करतात. न्यूरोलॉजिस्टकडे पाठवण्याची वेळ येते ती दोन-तीन महिने नीट औषध घेऊनही उतार पडला नाही, निदानाबद्दल शंका राहिली किंवा गोळ्यांची सवय लागली तर. महिन्यातले १५ दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या पोटात जात असतील, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, हे मेडिकलमधून पट्टी आणणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे खासगी न्यूरोलॉजिस्टकडे थेटही जाता येते. कामगार विमा योजनेच्या रुग्णाला मात्र आधी तिथल्या दवाखान्याची चिठ्ठी लागते. सक्ती नसली तरी चिठ्ठी घेऊनच जावे. तीत त्रास केव्हापासून, महिन्यात किती दिवस, कोणते औषध किती मात्रेत किती आठवडे दिले, रक्तदाब किती आणि नेमका प्रश्न काय, एवढे लिहिलेले असावे. नुसते ‘डोकेदुखी, कृपया पाहावे’ असेल तर तज्ज्ञाला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते आणि झालेल्या तपासण्या पुन्हा होतात. सोबत डोकेदुखीचे दिवस खुणावलेले कॅलेंडर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे न्यावीत. पुढचे औषध बहुतेक वेळा फॅमिली डॉक्टरच चालू ठेवतात, म्हणून तज्ज्ञांचा कागद परत त्यांना दाखवावा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी मात्र उपवासाच्या खाती टाकू नये. ती एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावी.

आता त्याच घरातले ६२ वर्षांचे सासरे घ्या. रोजामुळे रक्तदाबाची सकाळची गोळी त्यांनी परस्पर बंद केली. तरावीहच्या वेळी एकाएकी, मिनिटभरात, आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके दुखते, उजवा हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. इथे चिठ्ठी नको, दवाखाना उघडण्याची वाटही नको. १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. तोंडात पाणीही घालू नये, ठसका लागतो. ते शेवटचे ठीक केव्हा होते, ती वेळ मात्र लक्षात ठेवावी. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि हा हिशेब त्या वेळेपासून होतो.

ताप येऊन मान ताठणे, फिट येणे, एकाएकी दिसेनासे होणे, डोक्याला मार लागल्यावर डोके दुखत उलट्या होणे किंवा गरोदरपणात तीव्र डोकेदुखी, यांनाही हाच नियम. अशा वेळी इफ्तारपर्यंत थांबू नये.

आणि सासऱ्यांची ती गोळी? रमजानच्या आधीच फॅमिली डॉक्टरांना विचारले असते, तर ती बहुधा सहेरी किंवा इफ्तारच्या वेळेला बसवून मिळाली असती.